८१ टक्के : एक रेझ्युमे संशोधनाचा सीव्ही होताना

तिचा रेझ्युमे एका पानाचा होता आणि नोकरीच्या दृष्टीने त्यात खोट काढायला जागा नव्हती. मास्टर्स झाल्यावर चार वर्षं ती एका कंपनीत यंत्रांच्या बिघाडाचं भाकीत करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत होती, आणि याच पानावर तिला दोन नोकऱ्या मिळाल्या होत्या. मग तिने पीएचडीसाठी चार ठिकाणी अर्ज केले. चारही ठिकाणी पहिल्याच चाळणीत नाव गळलं. पाचवा अर्ज करण्याआधी तिने ते पान मला पाठवलं आणि लिहिलं, "मॅडम, यात काय कमी आहे तेवढंच सांगा."

आमच्या संशोधन गटाकडे येणारे पीएचडीचे अर्ज मी दरवर्षी वाचते, त्यामुळे ते पान पाहताक्षणी काय झालं असेल याचा अंदाज आला. रेझ्युमे वाचणाऱ्याला एवढंच ठरवायचं असतं की या माणसाला मुलाखतीला बोलवावं का. बऱ्याच कंपन्यांत आधी एक सॉफ्टवेअर नेमके शब्द शोधतं आणि मग एखादा माणूस पानावरून घाईत नजर फिरवतो. म्हणून एक पान, ठळक आकडे, साधनांची नावं, आणि कंपनीचा काय फायदा झाला ते. सीव्ही वाचणारा प्राध्यापक मात्र पुढची चार-पाच वर्षं आणि आपल्या प्रकल्पाचा निधी या माणसावर लावणार असतो. त्याला कळून घ्यायचं असतं की हिने कोणता प्रश्न हाती घेतला, तो कसा तपासला, त्यातलं स्वतः किती केलं, आणि लिहिलेलं मला पडताळून पाहता येईल का. म्हणूनच सीव्हीला एका पानाची मर्यादा नसते. तो आजवरच्या कामाची पूर्ण नोंद असतो. नुकतं मास्टर्स झालेल्याचा दोन-तीन पानांत मावतो, ज्येष्ठ प्राध्यापकाचा वीस पानांचाही असू शकतो, आणि दोन्ही योग्यच.

तिने चार ठिकाणी पाठवलेल्या पानात या प्रश्नांची उत्तरं नव्हती. ती तिच्याकडे होती, पण हे मला फोनवर बोलताना कळलं.

एका ओळीमागची गोष्ट

रेझ्युमेतल्या नोकरीच्या भागात दोन ओळी ठळक होत्या. मूळ मजकूर इंग्रजी होता, इथे मराठीत देते.

> बिघाड-भाकीत प्रणालीची आखणी आणि उभारणी केली; चुकीचे इशारे ३८ टक्क्यांनी घटवले.
> मॉडेलची अचूकता ९६ टक्क्यांपर्यंत नेली.

मी तिला विचारलं, "हे ९६ कशावर मोजलंस?"

ती थोडी थांबली. मग म्हणाली, "खरं सांगू का मॅडम, तो आकडा आम्हीच नंतर सोडून दिला. खरा आकडा ८१ होता. पण रेझ्युमेत ८१ कसं लिहायचं?"

त्यानंतर तिने जे सांगितलं, ते त्या अख्ख्या पानावर कुठेच नव्हतं. बेअरिंगवर बसवलेल्या सेन्सरमधून कंपनांची सलग नोंद मिळते. मॉडेलला शिकवण्यासाठी तिचे एकेका सेकंदाचे तुकडे करतात, आणि हे तुकडे एकमेकांवर अर्धे चढलेले असतात. तिच्या गटाने सगळे तुकडे एकत्र करून सरमिसळ केली, काही शिकवणीला दिले आणि उरलेले चाचणीला ठेवले. म्हणजे एकाच बेअरिंगचे शेजारचे तुकडे, ज्यांतला अर्धा सिग्नल अक्षरशः तोच आहे, दोन्हीकडे गेले. मॉडेल बिघाड ओळखण्याऐवजी ते विशिष्ट बेअरिंगच ओळखायला शिकलं होतं. ९६ टक्के आले ते यातून.

हे कोणी सांगितलं नव्हतं. नव्या जागी बसवलेल्या यंत्रांवर मॉडेल सारखं चुकायला लागलं तेव्हा हिला शंका आली. तिने विभागणी बदलली. एका यंत्राच्या सगळ्या नोंदी एकतर शिकवणीत किंवा चाचणीत, दोन्हीकडे कधीच नाही. अचूकता ९६ वरून ८१ वर आली. पुढे तिने पाहिलं की यंत्राचा वेग बदलला की बिघाडाच्या खुणा वारंवारितेत सरकतात, म्हणून सिग्नल वेळेऐवजी शाफ्टच्या फेऱ्यांनुसार पुन्हा मोजून घेतला. आकडा ८८ झाला, आणि चुकीचे इशारे जे ३८ टक्क्यांनी घटले ते यामुळे.

मला ऐकताना आनंद झाला आणि वाईटही वाटलं. स्वतःच्या चांगल्या आकड्यावर संशय घेणं, कारण शोधणं, मोजायची पद्धत दुरुस्त करणं, आणि खाली आलेला आकडा मान्य करून तिथून पुढे जाणं, हे ज्याला येतं तो विद्यार्थी कोणत्याही गटाला हवा असतो. आणि तिने नेमकं तेच पुसून टाकलं होतं, कारण रेझ्युमेत मोठा आकडा शोभतो. एवढंच नाही, या क्षेत्रातल्या जाणत्या वाचकाला नुसतं ९६ दिसलं की त्याच्या मनात पहिली शंका याच चुकीची येते. तिने जी चूक पकडली होती, तीच तिने केली असावी असं ते पान सुचवत होतं.

आम्ही तो भाग असा लिहिला:

> प्रश्न: एका जागच्या यंत्रांवर शिकलेलं बिघाड-निदान मॉडेल न पाहिलेल्या यंत्रांवर का कोलमडतं?
> काम: एकाच बेअरिंगचे तुकडे शिकवणी आणि चाचणी या दोन्ही संचांत येत असल्याचं दाखवलं, यंत्रनिहाय विभागणीवर अचूकता ९६ वरून ८१ टक्के झाली. शाफ्टच्या फेऱ्यांनुसार सिग्नलचं पुनर्मापन करून ८८ टक्के.
> माझा वाटा: पाच जणांच्या गटात मूल्यमापनाची पद्धत आणि सिग्नलवरची प्रक्रिया माझी, मॉडेलची रचना सहकाऱ्याची.

शेवटच्या ओळीवर ती अडली. "मॉडेल मी केलं नाही हे कशाला सांगायचं?" सांगायचं ते दोन कारणांनी. रेझ्युमेत 'आखणी आणि उभारणी केली' हे गटाच्या वतीनं लिहिलेलं चालतं, तिथे सगळेच तसं लिहितात. सीव्हीत मात्र प्रत्येक क्रियापदाचा कर्ता तूच आहेस असं वाचणारा धरून चालतो आणि मुलाखतीत त्याच क्रियापदावर बोट ठेवतो. मॉडेलमध्ये हीच रचना का निवडली असं विचारलं असतं तर तिच्याकडे उत्तर नव्हतं. दुसरं कारण असं की वाटा नेमका लिहिला की जे तुझं आहे त्याला वजन येतं. मूल्यमापन पूर्णपणे तिचं होतं आणि त्यावर ती तासभर बोलू शकत होती.

कंपनीत काम केलेल्यांची इथे एक खरी अडचण असते. डेटा आणि ग्राहकांची नावं गोपनीयतेच्या करारात असतात. तिने आपल्या व्यवस्थापकाला लेखी विचारलं. टक्केवारी आणि पद्धत लिहायला परवानगी मिळाली. ग्राहक, यंत्रांची संख्या आणि जागा लिहायची नाही. समजा टक्केवारीलाही नकार आला असता, तर प्रश्न आणि पद्धत सर्वसाधारण शब्दांत लिहून आकडे गाळले असते. आकड्यांवाचून तो भाग उभा राहतो, प्रश्नावाचून राहत नाही.

तिच्याकडे आणखी एक जमेची बाजू होती. मास्टर्सच्या प्रबंधात तिने केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा बेअरिंगचा सार्वजनिक डेटा वापरला होता. या क्षेत्रातले असंख्य पेपर त्याच डेटावर आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याला तो माहीत असतोच. रेझ्युमेत प्रबंधाला एक ओळ होती, तीही तळाशी, कारण चार वर्षांच्या नोकरीपुढे तो जुना झाला होता. सीव्हीत आम्ही शिक्षण सगळ्यात वर नेलं आणि मास्टर्सखाली प्रबंधाचं पूर्ण शीर्षक, गाईडचं नाव आणि चार ओळींचा गोषवारा घातला. प्रबंधातली विभागणीही तिने जुन्याच, सरमिसळीच्या पद्धतीने केली होती. मी सुचवलं की सार्वजनिक डेटावर नवी विभागणी करून पुन्हा चालवून बघ. तिने दोन शनिवार-रविवार घालवून ते केलं, कोड सगळ्यांना पाहता येईल असा ठेवला आणि त्याचा दुवा गोषवाऱ्याखाली दिला. गोपनीय कामाबद्दल जे दाखवता येत नव्हतं, ते कोणालाही चालवून बघता येईल अशा रूपात आता तिथे होतं.

'तीन पेपर प्रकाशित'

रेझ्युमेच्या तळाशी एकच ओळ होती: 'तीन पेपर प्रकाशित'. नोकरीच्या अर्जात एवढं पुरतं, कोणी मोजायला जात नाही. संशोधनाच्या अर्जात अनेक जण पान हातात घेतल्यावर आधी हाच भाग शोधतात.

तिन्ही पेपरांची चौकशी केली तेव्हा चित्र असं निघालं. पहिला खरोखर पेपर होता, समीक्षकांनी तपासून परिषदेत स्वीकारलेला, चार लेखकांत ती दुसरी. दुसरा एका कार्यशाळेत लावलेलं पोस्टर होतं, त्याचा दोन पानी सारांश छापला गेला होता. तिसरा म्हणजे जुन्या गाईडबरोबर लिहायला घेतलेला मसुदा, जो अजून कुठेच पाठवलेला नव्हता. मला पाठवलेल्या सविस्तर यादीत मात्र तिने त्यापुढे 'पाठवला आहे' असं लिहिलं होतं, आणि जिथे पाठवायचा विचार होता त्या नावाजलेल्या जर्नलचं नाव आणि त्यातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात ते सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टरही.

यात तिचा काही वाईट हेतू नव्हता. लवकरच पाठवू, असं दोघांचं ठरलेलं होतं. पण प्रकाशनाच्या प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र शब्द आहे आणि त्या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. 'तयार होत आहे' म्हणजे मसुदा तुमच्याकडेच आहे. 'समीक्षेत' म्हणजे जर्नलकडे गेला आहे आणि त्याचा क्रमांक तुमच्याकडे आहे. 'स्वीकृत' म्हणजे संपादकाचं होकाराचं पत्र हातात आहे. 'प्रकाशित' म्हणजे डीओआय हा पेपरचा कायमचा ओळख-क्रमांक देता येतो आणि वाचणारा तो टाकून पेपर उघडू शकतो. अर्क्सिव्हसारख्या ऑनलाइन संग्रहात ठेवलेला प्रीप्रिंट कोणालाही वाचता येतो, पण समीक्षकांनी तपासलेला नसतो, म्हणून त्यापुढे 'प्रीप्रिंट' असंच लिहायचं. यातला कुठलाही टप्पा लाजिरवाणा नाही. एक टप्पा पुढे सरकवून लिहिलेला सापडला, तर मात्र पानावरच्या बाकीच्या सगळ्या ओळींवरचा विश्वास जातो. आणि तो सापडायला वेळ लागत नाही, कारण त्या विषयातली माणसं एकमेकांना ओळखतात आणि गाईडला एक ईमेल पुरतो.

आम्ही तीन उपशीर्षकं केली.

> समीक्षित परिषद-पेपर
> (चारही लेखकांची नावं मूळ क्रमाने, तिचं ठळक), शीर्षक, परिषदेचं पूर्ण नाव, वर्ष, पृष्ठं, डीओआय.
> पोस्टर आणि सारांश
> (लेखक), शीर्षक, कार्यशाळा, वर्ष. दोन पानी सारांश. सादरीकरण मी केलं.
> तयार होत असलेलं लेखन
> (लेखक), तात्पुरतं शीर्षक. मसुदा लिहिणं आणि प्रयोग पुन्हा चालवणं सुरू.

तिसऱ्यातून जर्नलचं नाव काढलं. न पाठवलेल्या लेखापुढे जर्नलचं नाव लिहिणं म्हणजे त्या जर्नलची पत उसनी घेणं. इम्पॅक्ट फॅक्टर तर सगळीकडूनच काढला. जर्नलच्या सरासरीवरून एका पेपरची किंवा एका माणसाची किंमत करू नये, असं सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०१२ साली मांडलेला डोरा जाहीरनामा सांगतो. त्यावर अनेक विद्यापीठांनी आणि निधी देणाऱ्या संस्थांनी सह्या केल्या आहेत, त्यामुळे तिथल्या वाचकाला तो आकडा खटकूही शकतो.

लेखकांच्या क्रमाबद्दल तिचा गोंधळ होता, आणि तो साहजिक होता. प्रयोगशाळेत चालणाऱ्या विज्ञानांत पहिलं नाव सहसा ज्याने मुख्य काम केलं त्याचं असतं आणि शेवटचं गटप्रमुखाचं. गणितात आणि बऱ्याच प्रमाणात अर्थशास्त्रात नावं आडनावाच्या वर्णक्रमाने येतात, तिथे क्रमावरून काहीच ठरत नाही. तिच्या क्षेत्रात पहिली रीत चालते, म्हणून दुसरं नाव पाहून वाचणारा विचारणारच की यात हिचं काय. क्रम बदलता येत नाही, बदलूही नये. त्याखाली लहान अक्षरांत एक ओळ घातली: 'प्रयोगांची मांडणी आणि दोन आकृत्या माझ्या.' ती ओळ घालण्याआधी तिने पहिल्या लेखकाला फोन करून त्याला ती मान्य आहे ना हे विचारलं. ही मला फार आवडलेली गोष्ट.

परिषदेतल्या पेपरचं वजनही क्षेत्राप्रमाणे बदलतं. संगणकशास्त्रात चांगल्या परिषदेतला समीक्षित पेपर हे मुख्य प्रकाशन असतं. जीवशास्त्रासारख्या विषयांत परिषदेला सहसा सारांश जातो आणि पेपर म्हणजे जर्नलमधलाच. तिचे अर्ज यांत्रिकी आणि संगणक अशा दोन्ही विभागांत जाणार होते, म्हणून उपशीर्षकात 'समीक्षित' हा शब्द ठेवला, म्हणजे वाचणारा कोणत्याही बाजूचा असो, त्याला ताडून पाहावं लागणार नाही.

बाकीचं पान

रेझ्युमेच्या वरच्या कोपऱ्यात बावीस साधनांची नावं होती, सॉफ्टवेअरच्या चाळणीसाठी. सीव्हीत त्यांच्या तीन ओळी झाल्या: सिग्नलवरची प्रक्रिया, संख्याशास्त्र, प्रोग्रामिंग, आणि प्रत्येकीपुढे ते कुठल्या कामात वापरलं ते. कागदपत्रं लिहिण्याच्या आणि बैठका ठरवण्याच्या साधनांची नावं गेली. सुरुवातीचा 'ध्येयासक्त व्यावसायिक' वगैरे परिच्छेदही गेला, कारण संशोधनातली आवड सांगायला हेतुपत्र वेगळं असतंच. त्याजागी आवडीच्या विषयाची एक ओळ आली. जन्मतारीख आणि फोटो मागितले नव्हते, म्हणून ठेवले नाहीत.

तिने कंपनीत दोन इंटर्नना सहा महिने शिकवलं होतं आणि मास्टर्सच्या वेळी एका विषयाच्या प्रयोगांचे तास घेतले होते. रेझ्युमेत यातलं काहीच नव्हतं. सीव्हीत 'अध्यापन आणि मार्गदर्शन' हा स्वतंत्र भाग झाला. मास्टर्सला मिळालेली शिष्यवृत्तीही परत आली.

संदर्भासाठीच्या माणसांवर मात्र वेळ गेला. रेझ्युमेत 'मागितल्यास देऊ' असं लिहिलेलं होतं. संशोधनाच्या अर्जात नावं, पद आणि ईमेल लागतात, आणि त्या माणसांनी तुम्हाला संशोधन करताना पाहिलेलं असावं लागतं. तिने दोन्ही नावं कंपनीतली घेतली होती. तिचे व्यवस्थापक तिच्याबद्दल भरभरून लिहितील यात शंका नव्हती, पण ते लिहिणार वेळेत काम पूर्ण करण्याबद्दल. जुन्या गाईड सरांशी तिचं दीड वर्षात बोलणं नव्हतं आणि तो अर्धवट मसुदा मध्ये होता, म्हणून ती संकोचत होती. शेवटी तिने नवी विभागणी, ८१ चा आकडा आणि सार्वजनिक डेटावरचे निकाल असं सगळं लिहून त्यांना पाठवलं आणि मगच शिफारसपत्राबद्दल विचारलं. त्यांनी पत्राला होकार दिलाच, शिवाय मसुदा याच दिशेने पुरा करू असं कळवलं. व्यवस्थापकांचं नाव दुसरं राहिलं, पण त्यांना पत्रात मूल्यमापनाच्या प्रसंगाबद्दल लिहाल का असं तिने स्पष्ट विचारलं.

एका ठिकाणच्या अर्जाला स्वतःचा ठरलेला नमुना होता, दोन पानं, ठरलेली शीर्षकं. तिथे आमची रचना बाजूला ठेवून तो नमुना जसाच्या तसा भरला. जिथे नमुना दिलेला असतो तिथे तोच नियम.

पुढे काय झालं

नवा सीव्ही अडीच पानांचा झाला. तिने तीन ठिकाणी पाठवला. एका ठिकाणाहून नकार आला, त्या वर्षी तिच्या विषयात जागाच नव्हती. दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. जुने चार अर्ज केवळ त्या पानामुळे गेले असं मी म्हणणार नाही. त्यांतल्या दोन ठिकाणी तिने ज्यांच्या हाताखाली काम करायचं म्हटलं होतं, त्यांचा विषयच वेगळा होता.

पहिल्या मुलाखतीच्या आठवडाभर आधी तिसरा लेख खरोखर जर्नलकडे गेला. तिने ती एक ओळ 'तयार होत असलेलं लेखन' मधून काढून 'समीक्षेत' खाली नेली, पानाच्या तळाशी नवी तारीख घातली आणि विभागाला नवी प्रत पाठवली.

मुलाखत संपल्यावर तिचा फोन आला. "मॅडम, पहिला प्रश्न ८१ वरच होता." समितीतल्या एकांनी विचारलं होतं की यंत्रनिहाय विभागणी केली तरी सगळी यंत्रं एकाच कारखान्यातली असतील, तर हा आकडाही फुगलेला नाही कशावरून? तिने सांगितलं की असू शकतो, आणि कारखानानिहाय विभागणी करण्याइतक्या वेगवेगळ्या जागांचा डेटा तिच्याकडे नव्हता. मग ते दोघं फळ्यापाशी उभे राहून ती चाचणी कशी मांडता येईल यावर बराच वेळ बोलत राहिले.

दोन महिन्यांनी ती त्याच गटात रुजू झाली, आणि कारखानानिहाय विभागणीची ती चाचणी तिच्या पहिल्या वर्षाच्या कामाच्या आराखड्यात आहे.